मैत्रिणीला मांजर सांभाळायला सांगताना: आधी कागद, मग विचारणा, आणि 'नको' म्हणायची सोय

2025 च्या गणपतीत आम्ही दोघं आठवडाभर चिपळूणजवळच्या गावी गेलो. तात्या ठाण्यातच राहिला. तात्या म्हणजे आमचा बोका: साडेचार किलो, पाच वर्षांचा, ऑपरेशन झालेला आणि पाहुण्यांच्या बाबतीत अत्यंत संशयी. त्या आठ दिवसांची व्यवस्था लावताना मी आधीच्या दोन प्रवासांतल्या चुका सुधारल्या. त्यातली सगळ्यात मोठी चूक अशी की मी आधी विचारायचे आणि काम काय आहे ते नंतर सांगायचे. "आठवडाभर तात्याकडे बघशील का गं?" "हो, बघेन की!" मग निघायच्या आदल्या रात्री तिच्या हातात किल्ली आणि सूचनांचं भेंडोळं. तिनं ज्याला होकार दिला होता ते काम वेगळं आणि गळ्यात पडलेलं वेगळं. तेव्हा मागे फिरणं तिला शक्यच नव्हतं.

म्हणून आता क्रम उलटा ठेवते. दिनक्रम आधी कागदावर उतरवायचा, आणि विचारायचं त्यानंतर. काम नेमकं किती हे आपल्यालाच माहीत नसेल, तर समोरच्यानं नेमकं कोणत्या कामाला नाही म्हणायचं?

हा लेख मांजराला स्वतःच्या घरीच ठेवून मैत्रिणीनं फेऱ्या मारायच्या, या पद्धतीबद्दल आहे. कुत्र्याला माणूस लागतो, त्याला सहसा दुसऱ्याच्या घरी न्यावं लागतं आणि ती मागणी बरीच मोठी असते. मांजराचं नातं जागेशी असतं. परक्या घरात नेलं तर ते दोन दिवस पलंगाखालून निघत नाही आणि पहिली उघडी खिडकी शोधतं. त्यामुळे सात-आठ दिवसांसाठी घरी ठेवून दिवसातून दोन फेऱ्या हेच बरं. "दिवसातून एकदा भरपूर घालून ठेवलं की झालं" हे मला पटत नाही. खाणं पुरेल, पण मांजर आजारी पडलं तर ते कळायलाच चोवीस तास जातील.

तीन दिवस स्वतःवरच पाळत ठेवा

विचारण्याआधी मी तीन दिवस आमचाच दिनक्रम लिहून काढला. आपण रोज करतो त्या गोष्टी इतक्या सवयीच्या असतात की सांगताना निम्म्या सुटतात. खाणं मी वर्षानुवर्षं "एक वाटी" घालत होते. किचनच्या काट्यावर मोजलं तर माझी वाटी 22 ग्रॅम निघाली आणि नवऱ्याची 35. तात्या दिवसेंदिवस गोल का होतोय, याचं उत्तर तिथेच मिळालं.

शेवटी ठरलं ते असं. सकाळी 20 ग्रॅम कोरडं खाणं. रात्री 20 ग्रॅम कोरडं आणि ओल्या खाण्याचं एक छोटं पाकीट. पाण्याची दोन भांडी, एक हॉलमध्ये आणि एक बेडरूममध्ये, दोन्ही रोज विसळून भरायची. ट्रेमधली रेती दिवसातून एकदा चाळायची. मग मी घड्याळ लावून ही सगळी फेरी स्वतः केली. सकाळची बारा मिनिटं. रात्रीची, ट्रे आणि थोडा वेळ त्याच्याजवळ बसणं धरून, पंचवीस. येण्याजाण्याचा वेळ वेगळा. विचारताना हेच आकडे सांगायचे. "दोन मिनिटांचं काम आहे" हे वाक्य मी कायमचं सोडून दिलं. ते खरं तर नसतंच, शिवाय दोन मिनिटांच्या कामाला नाही म्हणणारा माणूस वाईट ठरतो.

मग फेऱ्या मोजल्या. 25 ऑगस्टला, सोमवारी, सकाळच्या मांडवीनं निघायचं, म्हणजे त्या दिवशी सकाळचं आम्हीच घालणार आणि रात्रीची एक फेरी उरणार. मंगळवार ते रविवार रोज दोन, म्हणजे बारा. 1 सप्टेंबरला, सोमवारी, रात्री परत, म्हणून सकाळची एक. एकूण चौदा. "आठवडाभर" आणि "चौदा फेऱ्या" यांत फरक आहे. चौदा ऐकल्यावर माणूस आपली डायरी उघडतो.

कोणाला विचारायचं, आणि कोणाला विचारूच नये

गणपतीत ठाण्यातल्या निम्म्या घरांत गणपती असतो आणि उरलेले निम्मे दुसऱ्यांकडे आरतीला गेलेले असतात, ही पहिली अडचण. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण चरईत, चालत दहा मिनिटांवर. पण तिच्याकडे पाच दिवसांचा गणपती, सासूबाईंचं सोवळं, आणि आमच्या घरी मांजराचं माशाचं खाणं नि ट्रे. तिला विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती आणि रोज दोनदा आंघोळ करून पुन्हा स्वयंपाकाला लागली असती. तिला मी विचारलंच नाही. ज्याला नाही म्हणणं जड जाणार हे आपल्याला आधीच दिसतंय, त्याच्यावर ती वेळ का आणायची?

गरोदर मैत्रिणीला ट्रेचं काम सांगू नये. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीचा संसर्ग होऊ शकतो आणि तो गर्भाला घातक ठरू शकतो. घरातच राहणाऱ्या, पाकिटातलं खाणं खाणाऱ्या मांजराकडून ही शक्यता कमी असते, पण हे तिला पटवून देण्याची जबाबदारी आपली नाही. मांजराच्या सहवासात शिंका किंवा दमा सुरू होतो अशांनाही वगळा. ऑफिसात आपल्या हाताखाली काम करणाऱ्यांनाही नको, कारण त्यांच्या होकाराचा अर्थ लावता येत नाही. आणि ज्यांच्यावर आपण नुकतेच उपकार केलेत त्यांना तर मुळीच नको.

अंतर हा मुद्दा बारीक वाटतो, पण ठाण्यात तोच निकाल लावतो. घोडबंदर रोडवरून आमच्या पाचपाखाडीत रोज दोनदा यायचं म्हणजे विसर्जनाच्या दिवशी रिक्षात बसून आरत्या ऐकायच्या. चालत येता येईल तेवढ्याच अंतरावरचं माणूस बघा. अशी माझी यादी गाळून गाळून दोन नावांवर आली: नौपाड्यातली मेघना, जिचा गणपती तिच्या दिरांकडे पुण्यात बसतो, आणि समोरच्या फ्लॅटमधले काका.

पर्याय आधी, मैत्रीण नंतर

मेघनाला विचारण्यापूर्वी मी पैसे घेऊन घरी येणाऱ्या एका मुलीशी बोलून ठेवलं. ती ठाण्यातच राहते, मांजरं सांभाळते. तारखा सांगितल्या, दर विचारला, आणि "20 जुलैपर्यंत नक्की सांगते" असं ठरवलं. हे फार महत्त्वाचं, कारण दुसरा पर्याय खरोखर असेल तेव्हाच "नाही म्हटलंस तरी चालेल" हे वाक्य खरं असतं. नुसतं बोलण्यापुरतं म्हटलं तर समोरच्याला आपल्या आवाजातून कळतंच.

तारीखही तशीच निवडली. रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे आमची जायची तिकिटं जूनच्या शेवटी निघाली. जाणं पक्कं झालं की लगेच विचारावं. ऑगस्टच्या मध्यावर विचारलं तर मैत्रिणीला ठाऊक असतं की आता हिला दुसरं कुणी मिळणार नाही, आणि मग तिचा होकार दयेपोटी येतो.

विचारलं मेसेजवर. समोरासमोर किंवा फोनवर नाही. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची सवय नसते. माणूस "बघते हं", "करू काहीतरी" असं म्हणतो, आपण ते हो समजतो, आणि दोघंही अडकतात. मेसेज वाचून ती नवऱ्याशी बोलू शकते, कॅलेंडर बघू शकते, शब्द जुळवू शकते. मैत्रिणींच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नये. तिथं सगळे गप्प बसतात आणि ज्याला शांतता सहन होत नाही तो बळी जातो.

13 जुलैला, रविवारी, मी पाठवलेला मेसेज जवळजवळ असाच होता:

> मेघना, एक काम विचारायचंय. 25 ऑगस्ट सोमवार ते 1 सप्टेंबर सोमवार आम्ही गावी आहोत. तात्या घरीच राहील. एकूण 14 फेऱ्या आहेत: सकाळी आठच्या सुमारास (12 मिनिटं) आणि रात्री आठच्या सुमारास (25 मिनिटं). खाणं, पाणी, आणि रात्री ट्रे साफ करणं. औषध काही नाही. खाण्यात मासा-चिकन असतं, हात लावावा लागत नाही पण वास येतो. तू सगळ्या फेऱ्या, फक्त सकाळच्या किंवा फक्त रात्रीच्या, किंवा एकही नाही, काहीही चालेल. पैसे घेऊन येणाऱ्या एका मुलीशी बोलून ठेवलंय, तिला 20 तारखेला कळवायचंय. तोपर्यंत "हो" किंवा "नको" एवढंच लिही, कारण सांगू नकोस. काही आलं नाही तर नको असं धरेन आणि तिला सांगेन. दिनक्रमाचा कागद सोबत जोडलाय.

यात दोन जागा मी मुद्दाम ठेवल्या. एक, "कारण सांगू नकोस". कारण मागितलं की माणसाला ते शोधावं लागतं, मग आपण ते सोडवायला जातो ("अगं मग उशिरा ये ना!"), आणि नकाराची वाट बंद होते. दुसरी, उत्तर न येण्याचा अर्थ आधीच ठरवलेला. पुष्कळांना नकार लिहिणंही जड जातं. गप्प बसणं हाच त्यांचा नकार असू दे. मग 17 तारखेला "बघितलास का मेसेज?" असं मात्र विचारायचं नाही. मला दोनदा मोह झाला होता.

काय लिहिलं नाही तेही सांगते. "तो तुलाच ओळखतो." "तुझ्याशिवाय कोण आहे?" "बिचारा एकटा राहील." आणि मेसेजसोबत तात्याचा पोट वर करून झोपलेला फोटो. तो फोटो म्हणजे सरळसरळ लाच आहे.

18 तारखेला मेघनाचं उत्तर आलं: "रात्रीच्या सगळ्या करते. सकाळी नाही जमणार." असा अर्धा होकार मला पूर्ण होकारापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. त्याचा अर्थ तिनं खरंच हिशेब केलाय. सकाळसाठी काकांना तसंच विचारलं, फक्त मेसेज न करता कागद देऊन, कारण काका मेसेज वाचत नाहीत. "काका, उद्या-परवा सांगा, आणि नको वाटलं तर मी दुसरी सोय केलेली आहे," एवढं बोलून दारातूनच परत आले. बसले असते तर चहा झाला असता आणि चहानंतर नाही कसं म्हणणार? काकांनी अट घातली: खाणं-पाणी करेन, ट्रेला हात लावणार नाही. छानच. ट्रे तसाही रात्रीच होता. त्या मुलीला 20 ला फोन करून सांगितलं की व्यवस्था झाली, पण मधेच कुणी आजारी पडलं तर तू येशील का? ती हो म्हणाली. तिचा नंबर कागदावर गेला.

दोघं येणार म्हणजे खाणं दोनदा जाणार

दोन माणसं आली की नवा धोका येतो. काका सकाळी घालणार, मेघना दुपारी सहज डोकावली तर तीही घालणार, कारण तात्या प्रत्येकासमोर आठ दिवस उपाशी असल्याचं नाटक करतो. उपाय साधा निघाला. छोट्या झिपच्या पिशव्यांमध्ये 20-20 ग्रॅम मोजून भरलं आणि प्रत्येकीवर लिहिलं: सोम रात्र, मंगळ सकाळ, मंगळ रात्र. चौदा पिशव्या. वर कोकणातून परतताना गाडी रखडली किंवा चुकली तर म्हणून "जादा" लिहिलेल्या चार. त्या त्या वेळची पिशवी डब्यात नसेल तर खाणं झालंय, असेल तर राहिलंय. कोणी कोणाला फोन करून विचारायला नको. आणि पिशव्या हवाबंद डब्यात, कारण ऑगस्टच्या हवेत उघडं खाणं सादळतं आणि सादळलेल्या खाण्याकडे तात्या ढुंकूनही बघत नाही. मग नव्या माणसाला वाटतं, तो आजारी आहे.

ओलं खाणं तासाभरानंतर ताटलीत राहिलं असेल तर टाकून द्यायचं. मेघना तेवढा वेळ थांबणार नव्हती, म्हणून तिला सांगितलं: आल्याआल्या ओलं वाढ, ट्रे कर, निघताना उरलेलं उचल. ताटली पसरट थाळीत थोडं पाणी घालून त्यात ठेवायची, नाहीतर मुंग्या.

दार, किल्ली आणि लॅच

आपल्या फ्लॅटमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ दारात होतो. रात्री आत शिरण्याआधी लाकडी दार थोडंसं उघडून पायापाशी बघायचं, पिशवी पुढे धरून आत जायचं, जाळीचं दार आधी लावायचं आणि मग चप्पल काढायची. मांजर सुटतं ते चप्पल काढताना.

दुसरी भानगड लॅचची. त्याआधीच्या एका प्रवासात दुसरी एक मैत्रीण कचऱ्याची पिशवी जिन्यापाशी ठेवायला बाहेर गेली, वाऱ्यानं दार ओढलं गेलं, किल्ली आत, मोबाइल आत, गॅसवर तिचाच चहा. तेव्हापासून कागदाची पहिली ओळ: "किल्ली गळ्यात." खरंच, दोरी लावून दिली. दुसरी किल्ली काकांकडे. चपलांच्या स्टँडमध्ये किंवा कुंडीखाली किल्ली ठेवू नका, ती जागा सगळ्यांना माहीत असते. गेटवर नाव आधी देऊन ठेवा. सोसायटीचं अॅप असेल तर आठ दिवसांची परवानगी त्यातच घाला, आणि रात्रपाळीच्या वॉचमनला मेघनाची प्रत्यक्ष ओळख करून द्या, म्हणजे तिला रोज "कोणाकडे जायचंय" सांगावं लागत नाही.

ट्रेमधली रेती बेंटोनाइट मातीची, पाणी लागलं की फुगून घट्ट होते. ती कमोडमध्ये टाकली की प्लंबर. गाठी पिशवीत बांधून कचऱ्यात. वॉशिंग मशीनचं झाकण बंद, खिडक्यांच्या जाळ्या निघण्याआधी हातानं ओढून तपासलेल्या. मेघनाला खिडकी उघडायला लागूच नये असं बघितलं.

घरात कॅमेरा असेल तर तो कुठे आहे हे सांगा, नाहीतर बंद ठेवा. मी बंद ठेवला.

नेहमीचं काय, काळजीचं काय

कागदाचा हा भाग मी तीनदा लिहिला, कारण नवख्या माणसाला "तो ठीक नसेल तर कळव" याचा काही अर्थ लागत नाही. ठीक म्हणजे काय तेच त्याला माहीत नसतं. म्हणून आधी नेहमीचं लिहिलं. ट्रेमध्ये दिवसभरात लघवीच्या दोन ते चार गाठी, मुठीएवढ्या. शी एकदा. नवीन माणूस आलं की तो बेडरूमच्या कपाटात किंवा सोफ्यामागे लपतो. ओढून काढायचं नाही, पण प्रत्येक फेरीत डोळ्यांनी बघितल्याशिवाय निघायचं नाही. केसांचा गोळा एकदा ओकला तर पुसून टाकायचं, काळजी नाही.

मग काळजीचं, फक्त तीन ओळींत, मोठ्या अक्षरांत.

पहिली: तो ट्रेमध्ये वारंवार बसतोय, जोर लावतोय, ओरडतोय आणि गाठ दिसत नाही, तर त्याच क्षणी डॉक्टरकडे. मला फोन नंतर. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते. ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. बद्धकोष्ठ समजून लोक सकाळपर्यंत थांबतात, तिथेच घात होतो. ट्रेमधल्या गाठी मोजायला सांगण्याचं खरं कारण हे.

दुसरी: चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर मला आणि डॉक्टरला कळवायचं. माणसाला एक दिवसाचा उपास बाधत नाही, पण मांजराचं, त्यातही जाड मांजराचं, दोन-तीन दिवस उपाशी राहून यकृत बिघडू शकतं. "रुसलाय, भूक लागली की खाईल" हे मांजराच्या बाबतीत धरून चालायचं नाही. दोन फेऱ्यांतली ताटली बघून हे कळतं.

तिसरी: तोंड उघडं ठेवून धापा टाकत असेल तर लगेच डॉक्टर.

आणि खाली: माणसांचं कुठलंही औषध नाही. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराला मारू शकते. हे लिहावंच लागतं, कारण प्रेमळ माणसंच ती देतात.

डॉक्टरांकडे मी स्वतः जाऊन मेघनाचं नाव फाइलवर लिहून आले. पाच हजारांपर्यंतचे उपचार मला न विचारता करावेत असं सहीनिशी दिलं, आणि तेवढी रक्कम मेघनाला आधीच पाठवली. गावात आमच्या घरी नेटवर्क माडीवर, तेही एका खिडकीपाशी. निर्णय माझ्या फोनवर टांगून ठेवला असता तर वेळ गेला असता. रात्री उघडा असलेला जवळचा दवाखाना कोणता, ते रात्री दहाला फोन लावून तपासलं. परळच्या बैलघोडा या जनावरांच्या दवाखान्याचं नाव सगळेच सुचवतात, पण तुंबलेल्या बोक्याला घेऊन गणपतीच्या गर्दीत ठाण्याहून परळ ही पहिली पायरी असू नये. न्यायची पेटी आठवडाभर आधी हॉलमध्ये उघडी ठेवली, आत त्याचा जुना टॉवेल. जाण्याच्या दिवशी पेटी पहिल्यांदा दिसली की मांजर पलंगाखाली गेलंच.

एक फेरी तुमच्यासमोर, एक तुमच्याशिवाय

निघायच्या आधीच्या आठवड्यात मेघना एकदा आली आणि मी खुर्चीत बसून राहिले. तिनं कागद वाचून सगळं करायचं, मी तोंड उघडायचं नाही. जिथे ती थांबली तिथे कागदात चूक होती: रेती चाळायचं फावडं मी "नेहमीच्या जागी" असं लिहिलं होतं. दोन दिवसांनी ती आमच्या अनुपस्थितीत एकटी आली. तात्या कपाटात. ती जमिनीवर बसून फोन बघत राहिली, त्याच्याकडे न बघता. वीस मिनिटांनी तो येऊन तिच्या पिशवीचा वास घेऊन गेला. त्यानंतर तिला मी पुन्हा एकदा लिहिलं: "हे करून बघितल्यावर नको वाटलं तर अजून वेळ आहे, ती मुलगी मोकळी आहे." होकारानंतरची ही दुसरी वाट मला पहिलीइतकीच गरजेची वाटते, कारण जुलैमध्ये कामाचा वास येत नाही. मेघना म्हणाली, वासाचं तू सांगितलं होतंस, तरी एवढा असेल असं वाटलं नव्हतं, पण करते.

रोजच्या निरोपासाठी ठरलं, रात्रीचा एकच फोटो: ट्रे साफ करण्याआधीचा. तात्याचा गोड फोटो ऐच्छिक. आणि मी उत्तरात फक्त अंगठा पाठवायचा. "पाणी बदललंस ना?" असं विचारायचं नाही, हे माझ्या नवऱ्यानं माझ्याकडून कबूल करून घेतलं.

गुरुवारी, 28 तारखेला, दीड दिवसाच्या गणपतींचं विसर्जन. नौपाडा, तलावपाळीकडचे रस्ते त्या संध्याकाळी माणसांनी भरलेले असतात, ढोल आणि फटाके वेगळे. त्या दिवशी आठऐवजी सहाला येऊन जा, पडदे ओढ, कपाटाचं दार उघडं ठेव, एवढं कागदावर होतं.

सोमवारी रात्री परतलो. डब्यात चार जादा पिशव्या आणि त्यांच्याबरोबर पाचवी: "गुरु रात्र". कागदाच्या मागे मेघनानं लिहिलं होतं: "सहाला आले, पण ढोल आधीच सुरू. कपाटात होता, डोळे दिसले. नुसतं ओलं ठेवलं, ते खाल्लं नाही. शुक्रवारी सकाळी काकांनी घातलेलं सगळं संपलं, म्हणून तुला कळवलं नाही." चोवीस तासांची ओळ तिनं नीट वाचली होती. रिक्षाचे पैसे मी आधीच दिले होते, वर गावचं आमसूल आणि फणसपोळी. काकांनी फणसपोळी घेतली आणि ट्रेचा वास जिन्यापर्यंत येतो अशी तक्रारही केली.

दिवाळीनंतर चार दिवस पुन्हा जायचं होतं. गणपतीतला होकार गणपतीपुरता, म्हणून मेघनाला पहिल्यापासून सगळं लिहून विचारलं: तारखा, सात फेऱ्या, मिनिटं, त्या मुलीला कळवायची तारीख. तासाभरात उत्तर आलं: "नको." पुढे काही नाही. मी अंगठा पाठवला आणि त्या मुलीला फोन लावला. रविवारी आम्ही दोघी मामलेदारची मिसळ खायला गेलो. दुसरी पावाची जोडी येईपर्यंत तात्याचा विषयच निघाला नाही. मग तिनंच विचारलं, "जाड्या झाला का थोडा बारीक?"